‘बरं वाटत नाही’ म्हणजे नेमकं काय?

मुंबई-गोवा महामार्गाने नागोठणं मागे टाकून कोलाडकडे निघालं की वाटेत खांब लागतं. रोहा तालुक्यातलं हे गाव. धाटावची औद्योगिक वसाहत इथून जवळ, आणि या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांचं घड्याळ तिथल्या पाळ्यांवर चालतं. समजा, अशाच एका घरातला तरुण पहिली पाळी संपवून दुपारी घरी येतो, डबा तसाच ओट्यावर ठेवतो आणि कॉटवर आडवा होतो. आई विचारते, “काय रे, काय झालं?” “काही नाही.” “मग जेवला का नाहीस?” “बरं वाटत नाही गं.” आई पदराला हात पुसते, त्याच्या कपाळावर ठेवते. ताप नाही. तरी ती आल्याचा चहा टाकते आणि रात्री दवाखान्यात जाऊन ये म्हणून बजावते.

आईचं काही चुकलेलं नाही. ‘बरं वाटत नाही’ हे वाक्य मराठीत तापालाही चालतं आणि अपमानालाही. ‘कसंतरी होतंय’ हे मळमळीलाही चालतं आणि धास्तीलाही. ‘ठीक आहे’ तर कशालाही चालतं. रोजच्या बोलण्यात ही वाक्यं सोयीची असतात, कारण प्रत्येक विचारणाऱ्यापुढे मन उघडं करायचं नसतं. अडचण पुढे येते. दुसऱ्याला द्यायचं तेच मोघम उत्तर माणूस हळूहळू स्वतःलाही देऊ लागतो, आणि मग आपल्याला काय होतंय हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं.

लिसा फेल्डमन बॅरेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विद्यार्थिदशेत प्रयोग करत होत्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. काही माणसं चिंता आणि उदासी या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सांगत होती, तर काही जण दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरत होते. जणू दोन्हींचा अर्थ एकच, ‘वाईट’. या फरकाला पुढे त्यांनी भावनांची सूक्ष्मता म्हणता येईल असं नाव दिलं. तो मोजण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात शब्दांची परीक्षा घेतच नाहीत. माणसाला रोज, बरेच दिवस, त्याच त्या भावनांची यादी देतात. राग किती, भीती किती, दुःख किती, लाज किती, याला आकडे द्यायला सांगतात. मग ते आकडे एकत्र हलतात का, हे पाहतात. एखाद्याचा राग चढला की त्याच दिवशी त्याची भीती, दुःख, लाज सगळंच तितकंच चढत असेल, तर शब्द चार असले तरी तो एकच गोष्ट चार वेळा सांगतोय. दुसऱ्याच्या वहीत सोमवारी राग वर आणि भीती खाली, गुरुवारी भीती वर आणि राग नाहीच, असं दिसलं, तर त्याला आपल्या आतले फरक कळतायत.

बॅरेट, जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी दोन आठवडे अशी रोजनिशी लिहिली. ज्यांच्या अप्रिय भावना एकमेकींपासून वेगळ्या राहत होत्या, ते लोक त्या भावना तीव्र झाल्यावर त्या आवरण्यासाठी काही ना काही जास्त करत होते. यात गूढ काही नाही. ‘वाईट वाटतंय’ यावर करण्यासारखं फार थोडं असतं. झोपायचं, मोबाइल घ्यायचा, कुणावर तरी खेकसायचं किंवा दोस्ताबरोबर ‘बसायचं’. टॉड काशदान यांच्या गटाने नेमकं हेच मद्यपानाच्या बाबतीत पाहिलं. मन फार बिघडलेलं असताना पिणाऱ्या तरुणांमध्ये, आपल्या भावना वेगवेगळ्या सांगू शकणारे कमी पीत होते.

आता खांबच्या त्या कॉटकडे परत जाऊ. तरुण सहा वर्षं प्लँटवर आहे. पाळीप्रमुखाची एक जागा रिकामी झाली होती आणि ती आपल्याला मिळेल असं तो धरून चालला होता. मिळाली ती त्याच्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या, त्याच्याच हाताखाली काम शिकलेल्या सहकाऱ्याला. एवढं कळल्यावर ऐकणारा लगेच म्हणेल, “साहजिक आहे, वाईट वाटणारच.” बहुतेक घरांत बोलणं इथेच थांबतं. खरं तर इथून सुरू व्हायला हवं.

पहिली चौकशी शरीराची. जेम्स रसेल यांनी १९८० साली भावनांचा एक साधा नकाशा मांडला. त्यातल्या एका रेषेवर सुखद-दुःखद आणि दुसरीवर अंगातली उसळी-मरगळ. राग आणि उदासी दोन्ही दुःखदच, पण रागात अंग तापतं आणि उदासीत गळून जातं. तरुणाने या बाजूने पाहिलं तर त्याला दोन्ही सापडतात. अंग जड आहे, उठावंसं वाटत नाही. पण मधूनच दात आवळले जातायत, मुठी वळतायत. म्हणजे आत एकच भावना नाही, निदान दोन आहेत.

दुसरी चौकशी क्षणाची. ‘कशामुळे’ असं विचारलं की माणूस गोष्ट सांगतो. ‘नेमकं कधी’ असं विचारलं की त्याला जागा सापडते. सूचनाफलकावर नाव वाचलं तेव्हा पोटात खड्डा पडला आणि अंगातलं बळ गेलं. पण छातीत आग झाली ती तासाभराने, कँटीनमध्ये, जेव्हा वरिष्ठ सगळ्यांसमोर हसत म्हणाले, “पुढच्या वेळी बघू तुझं.” पहिल्या क्षणाचं नाव हिरमोड. मनाशी धरलेलं काही ऐनवेळी हातून गेलं. दुसऱ्या क्षणाचं नाव अपमान. इथे काही गेलेलं नाही, कुणीतरी चारचौघांत कमी लेखलं आहे. हिरमोड झाला की माणसाला एकटं पडून राहावंसं वाटतं, अपमान झाला की तोंडावर उत्तर द्यावंसं वाटतं. मरगळ आणि आवळलेले दात एकाच दुपारी कसे आले, याचा उलगडा इथे होतो.

तिसरा भाग जास्त अवघड, कारण त्याला लाज चिकटलेली असते. त्या सहकाऱ्याचा मत्सर वाटतोय का? हे ताडून पाहायचं तर एक प्रश्न पुरतो. ती जागा उद्या त्याच्याकडून काढून घेतली, पण तुला दिली नाही, तर तुला हलकं वाटेल का? तरुण प्रामाणिकपणे विचार करतो आणि नाही म्हणतो. पोरगा कामाचा आहे, त्याचं वाईट व्हावं असं वाटत नाही. म्हणजे हा मत्सर नव्हे. उत्तर ‘हो’ आलं असतं तरी बिघडलं नसतं. ते कळलं असतं, आणि उद्यापासून त्या सहकाऱ्याच्या चुका शोधत बसायचा धोका आधीच दिसला असता.

यानंतर शेवटी, बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी, एक बारीक गोष्ट वर येते. गेल्या वर्षी कंपनीने सुरक्षिततेच्या एका प्रशिक्षणासाठी नावं मागवली होती. पावसाळ्यात शेताची कामं होती, म्हणून याने नाव दिलं नाही. सहकाऱ्याने दिलं. दुपारपासून हेच कुठेतरी टोचतंय. याला मराठीत रुखरुख म्हणतात, आणि या एका बाजूला मराठीकडे शब्दांची चांगलीच श्रीमंती आहे. थोडक्यात हुकलं, एसटी डोळ्यांसमोरून सुटली, तर लागते ती चुटपुट. करायचं राहून गेलं आणि ते आत सलत राहिलं तर रुखरुख. वर्षं उलटली तरी न भरून येणारं काही असेल तर खंत. आपण कुणाचं वाईट केलं असेल तर पश्चात्ताप. चांगलं काही वाया गेलेलं पाहून जी वाटते, मग ते आपलं असो की परक्याचं, ती हळहळ. या पाचांपैकी रुखरुखीलाच उद्या सकाळी करता येण्यासारखं काही असतं, कारण राहिलेलं काम बहुधा अजून करता येतं. खंतीला तसं काही करता येत नाही. ती कुणाला तरी सांगावी लागते.

आता तीन भावना सुट्या झाल्या आणि तिन्हींचे मार्ग वेगळे निघाले. हिरमोड चार दिवसांत बराचसा ओसरतो, त्यासाठी कुणाला जाब विचारायला नको. अपमान असा ओसरत नाही. वरिष्ठांना एकांतात गाठून “सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं साहेब” एवढं म्हणणं, आणि तेही जमणार नसेल तर निदान घरी तो शब्द उच्चारणं, याला पर्याय नाही. रुखरुखीचा इलाज म्हणजे पुढच्या प्रशिक्षणाला नाव देणं. हे तिन्ही ‘वाईट वाटलं’मध्ये एकत्र राहिले असते, तर सगळ्यात सोपा माणूस समोर होता तो सहकारी, आणि सगळा राग त्याच्यावर निघाला असता. त्याचा यात कणभर दोष नसताना.

भावनांची अशी सूक्ष्म वाटणी आपल्याकडे फार पूर्वी केली ती नाटकवाल्यांनी. भरताच्या नाट्यशास्त्रात ४९ भाव आहेत. आठ स्थायी, आठ सात्त्विक आणि तेहेतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे. नटाला ‘दुःखी दिस’ असं सांगून भागत नाही. कोणत्या कारणाने आलेलं, शरीरात कुठे दिसणारं, हे सांगावं लागतं. म्हणून ग्रंथात प्रत्येक भावाबरोबर त्याची कारणं आणि खुणा दिलेल्या आहेत. असूया दुसऱ्याचं ऐश्वर्य, भाग्य, बुद्धी पाहून होते. अमर्ष हा त्याहून निराळा. विद्येने, धनाने किंवा अधिकाराने मोठ्या असलेल्या माणसाकडून अपमान झाल्यावर खालच्याच्या मनात जो खदखदतो, तो अमर्ष. कँटीनमधल्या त्या वाक्यानंतर तरुणाच्या छातीत जे पेटलं, त्याची इतकी नेमकी व्याख्या शोधूनही मिळणार नाही. असूया आजच्या मराठीत टिकली, अमर्ष मात्र पुस्तकात गेला. ही उणीव भरून काढावी असं मनापासून वाटतं.

याच तेहेतिसांत अवहित्थ नावाचा एक भाव आहे, म्हणजे मनातलं बाहेर दिसू न देणं. त्याची कारणं लज्जा, भय, पराजय वगैरे. त्याच्या खुणा म्हणजे भलतंच काहीतरी बोलणं, बोलता बोलता अडखळणं, उसना धीर दाखवणं. आईने विचारलं आणि मुलगा म्हणाला “काही नाही”, तेव्हा तो काही सांगत नव्हता असं नाही. तो अवहित्थात होता आणि त्याच्या मुळाशी पराजय होता. ही खूण ओळखणाऱ्या माणसाला कपाळाला हात लावून ताप बघायची गरज पडत नाही.

ग्रंथातले शब्द राहोत बाजूला, रोजच्या बोलीतही साठा थोडा नाही, आणि तो मुख्यतः शरीराच्या भाषेत आहे. एका ‘जीव’ शब्दाचा पसारा पाहावा. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईहून निघालेली लेक महामार्गावरच्या कोंडीत अडकली, फोन लागत नाही, तेव्हा घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. काय झालंय ते ठरलेलं नाही, निकाल बाहेर आहे. ती दारात उभी राहिली की जीव भांड्यात पडतो. नातू तापाने फणफणलेला असेल तर त्याच्यासाठी जीव तुटतो. इथे निकालाची वाट नाही, दुसऱ्याचं दुखणं आपल्याला दुखतंय. विसर्जन झालं, लेक परत गेली, घर रिकामं झालं, की हुरहूर लागते. पहिल्या अवस्थेत बातमी हवी असते, तिसरीत काहीतरी करायला हवं असतं, चौथीत फक्त सोबत हवी असते. गावाकडची म्हातारी माणसं हे शब्द चुकूनही एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. हुरहूर लागलेल्याला ‘टेन्शन आलंय’ असं त्यांच्या तोंडून येत नाही. नातवंडांच्या बोलण्यात मात्र या सगळ्याच्या जागी ‘टेन्शन’ आणि ‘मूड ऑफ’ बसले आहेत.

नाव दिल्याने शरीरात खरंच काही बदलतं का, हेही तपासलं गेलं आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. एका वेळी चेहऱ्याला जुळणारी भावना निवडायची, दुसऱ्या वेळी त्या चेहऱ्याला शोभेल असं माणसाचं नाव निवडायचं. भावनेचा शब्द निवडताना मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल माणसाचं नाव निवडतानापेक्षा मंदावलेली दिसली. हा भाग धोक्याची चाहूल घेतो.

त्यानंतरचा प्रयोग जास्त जिवंत आहे. कॅथरिना किर्कान्स्की, लीबरमन आणि मिशेल क्रॅस्क यांनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. कोळ्याला घाबरणारी ८८ माणसं घेतली आणि त्यांना जिवंत, केसाळ टॅरांट्युला कोळ्यापुढे उभं केलं. एका गटाने आपल्याला काय वाटतंय ते शब्दांत मोठ्याने सांगायचं. मला किळस येतेय, हा अंगावर उडी मारेल अशी भीती वाटतेय, असं अगदी उघड. दुसऱ्या गटाने कोळी निरुपद्रवी आहे अशी स्वतःची समजूत घालायची. तिसऱ्याने भलत्याच विषयावर बोलायचं. चौथ्याने नुसतं समोर राहायचं. आठवड्याने सगळ्यांना पुन्हा कोळ्यासमोर आणलं, तेव्हा भावना बोलून दाखवणाऱ्यांच्या हाताला इतरांपेक्षा कमी घाम सुटत होता. त्यांच्यातही ज्यांनी भीतीचे शब्द जास्त वापरले होते, त्यांना जास्त फायदा झाला. आपल्याकडची नेहमीची समजावणी, ‘घाबरण्यासारखं काही नाही’, ही दुसऱ्या गटाची पद्धत आहे. ती वाईट नाही, पण ‘हो, भीती वाटतेय, आणि अशी अशी वाटतेय’ हे तिच्यापेक्षा पुढे गेलं.

या कामात एक जागा अशी आहे जिथे मराठी माणूस हमखास अडखळतो. ‘मला वाटतं’ हे शब्द आपण मतालाही वापरतो आणि भावनेलाही. ‘मला वाटतं साहेबांनी मुद्दाम केलं’ हे बोलताना मन मोकळं केल्यासारखं होतं, पण ते वाक्य साहेबांबद्दल आहे. त्यात बोलणाऱ्याच्या आत काय चाललंय याचा एक शब्दही नाही. ओळखायची रीत सोपी आहे. ‘वाटतं’च्या जागी ‘माझं मत आहे की’ घालून पाहायचं. वाक्य जसंच्या तसं उभं राहिलं, तर ते मत. ‘माझं मत आहे की हुरहूर’ असं वाक्य होत नाही. मत बाजूला काढलं की विचारता येतं, बरं, त्यांनी मुद्दाम केलं असं धरलं, तर तुझ्या आत काय होतं? तिथे मग अमर्षाची जागा सापडते.

दुसरी चूक घाईची. दुसऱ्याने लावलेलं नाव कितीही हुशारीचं असलं तरी ते लागू पडतंच असं नाही, आणि ‘तुला मत्सर वाटतोय’ असं सांगितलं तर समोरचा बहुधा दार लावून घेतो. नाव बरोबर बसलं की माणसाच्या चेहऱ्यावर किंचित सैलपणा येतो, तो आपणहून पुढचं बोलायला लागतो. चुकीचं बसलं की ‘हो, तसंच काहीतरी’ म्हणून गप्प होतो. तेव्हा शब्द मागे घ्यावा आणि दुसरा पुढे करावा. काही माणसांना तर आतलं काही शब्दात आणणंच अतिशय कठीण जातं. पीटर सिफ्नीऑस यांनी १९७०च्या दशकात या स्थितीला अलेक्सिथायमिया असं नाव दिलं. अशा माणसाच्या मागे ‘सांग ना, काय वाटतं’ म्हणून लागण्यापेक्षा झोप कशी लागते, छाती कधी भरून येते, असं शरीराकडून विचारलेलं चालतं.

आणि नेमक्या शब्दांनी सगळंच भागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा एक मानसिक आरोग्य कार्यक्रम दीड वर्ष चालला. गावागावांत बोलणं वाढवलं आणि गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, ते २७.२ टक्क्यांवर गेलं. कार्यक्रमाच्या इंग्रजी नावात शब्द होता तो आजाराचा नव्हे, ताणाचा. खेड्यात ‘मला नैराश्य आहे’ असं म्हणत कुणी पुढे येणं कठीण, ‘ताण आहे’ म्हणत येतात. म्हणून मोघम शब्दालाही त्याची जागा आहे. बोलणं सुरू करायला तो कामी येतो, मग आत बसल्यावर बारीक विचारपूस करता येते. त्या विचारपुशीत हिरमोड, रुखरुख, हुरहूर यांपैकी काहीच बसत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे शब्द तोंडून येत असतील, तर शब्द शोधत बसू नये. ती डॉक्टरकडे जायची वेळ असते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

खांबच्या त्या आईला यातलं नाट्यशास्त्र किंवा कोळ्याचा प्रयोग माहीत असायची गरज नाही. “काय झालं?” या प्रश्नाला “काही नाही” हे तयार उत्तर असतं. म्हणून तिने चहाचा कप पुढे करताना दोन शब्द द्यावेत आणि निवड मुलावर सोडावी. “कामावर कुणी काही बोललं का रे, की काही मनासारखं झालं नाही?” मुलगा बहुधा कपाकडे बघत म्हणेल, “दोन्ही.” मग तिने विचारावं, “आधी काय झालं?”